नुसता बिलाचा फोटो आला, तर करायचं काय?

हिशेबाचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असे फोटो असतात. एका बिलाचा फोटो, बस्स. वर नमस्कार नाही, खाली ओळ नाही, सोबत दुसरा कागदही नाही. पाठवणाऱ्याच्या डोक्यात काम स्पष्ट असतं, म्हणून त्याला लिहायची गरज वाटत नाही. पाहणाऱ्याला मात्र तीन कामं दिसतात: बेरीज बरोबर आहे का ते बघायचं, कर नीट विभागलाय का ते बघायचं, की सरळ पुस्तकात नोंद करून टाकायची?

ही तिन्ही एकाच कामाच्या पायऱ्या वाटतात, पण तसं नाही. बेरीज तपासायला फोटो पुरतो. कराची विभागणी तपासायला फोटोत छापलेली माहिती लागतेच, शिवाय माल कुठून कुठे गेला हे कळावं लागतं. आणि नोंद करायला अशा गोष्टी लागतात ज्या कुठल्याही बिलावर छापलेल्या नसतात: माल आला का, आधी नोंद झाली आहे का, खर्च कशावर टाकायचा. चुकल्यावरची किंमतही वेगळी असते. बेरीज चुकीची सांगितली तर दुसऱ्या मिनिटाला सुधारता येते. चुकीची नोंद महिन्याच्या जीएसटी विवरणात गेली की ती निस्तरायला दुप्पट वेळ जातो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. बेरीज न विचारता तपासतो, विभागणीवर शंका असेल तर न विचारता सांगतो, आणि नोंद विचारल्याशिवाय करत नाही.

पण त्याआधी फोटो स्वतः काय सांगतो ते बघू. तो बरंच सांगतो.

सगळ्यात पहिलं, पाठवणारा बिलावर कुठे आहे? वरच्या ठळक नावाच्या जागी तो असेल तर हे त्याचं विक्रीचं बिल. ‘प्रति’ खाली असेल तर खरेदीचं. हे इतकं उघड आहे की घाईत तेच राहून जातं, विशेषतः एकाच घरातल्या दोन फर्म असतील तेव्हा. बिलाच्या कोपऱ्यात प्रतीचा प्रकारही छापलेला असतो. मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढायच्या असतात: मूळ प्रत घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विकणाऱ्याची. सेवेच्या बिलाच्या दोनच. खरेदीदाराने पाठवलेल्या फोटोवर वाहतूकदाराची प्रत दिसली, तर गाडी बहुधा दारात उभी आहे आणि ड्रायव्हरच्या हातातल्या कागदाचा हा फोटो आहे. अशा वेळी माणसाला नोंद नको असते. माल उतरवून घेऊ का, हा त्याचा प्रश्न असतो.

दुसरं, कागदावर पेनाच्या खुणा आहेत का? शेवटच्या आकड्याभोवती गोल असेल तर रकमेबद्दल शंका आहे. ‘माल मिळाला’ असा शिक्का, तारीख आणि सही असेल तर कागद आपला प्रवास करून आलेला आहे, आता त्याला नोंदच हवी. चेकचा नंबर लिहिलेला असेल तर पैसेही गेलेत. खुणाच नसतील आणि फोटो कॉम्प्युटरच्या पडद्याचा असेल, तर बिल अजून निघालेलंच नाही. पाठवण्याआधी नजर टाकून हवी आहे.

तिसरं, मथळा. ‘टॅक्स इन्व्हॉइस’ लिहिलंय की ‘प्रोफॉर्मा’, ‘अंदाजपत्रक’, ‘डिलिव्हरी चलन’? प्रोफॉर्मावर जीएसटी व्यवस्थित मांडलेला असतो, नंबर असतो, सही असते, पण ते बिल नव्हे. ते फक्त ‘असं बिल होईल’ हे सांगणारं पत्र. त्याची खरेदी म्हणून नोंद करायची नाही, आणि त्यावर कराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या भरायच्या करातून वळता करून घेणं, तर मुळीच मिळत नाही. आगाऊ पैसे दिले असतील तर तेवढे पार्टीच्या खात्यावर दिसतील, खरेदी खऱ्या बिलावरच.

आणि एक माझं निरीक्षण, नियम नव्हे. नोंदीसाठीची बिलं सहसा गठ्ठ्याने येतात. महिनाअखेरीस किंवा विवरणाच्या तारखेच्या आसपास, एकामागून एक. मधल्याच एखाद्या दिवशी, भर दुपारी एकटं बिल आलं तर त्यात पाठवणाऱ्याला काहीतरी खटकलंय असं मी धरून चालतो. काय खटकलंय हे त्याला सांगता येत नसेल, पण खटकलेलं असतं.

आता एक बिल घेऊन बघू. आकडे समजावण्यापुरते बनवलेले आहेत, पण अशी बिलं खरोखर येतात.

एका वर्कशॉपच्या मालकाने खरेदीचं बिल पाठवलं. विकणाऱ्याच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४ ने, घेणाऱ्याच्या क्रमांकाची २७ ने. त्यावर तीन ओळी आहेत: बेअरिंग ४० नग, व्ही-बेल्ट १२ नग, ऑइल सील २५ नग. बेअरिंगचा दर फोटोत पुसट आहे, ३३५ की ३८५ कळत नाही. रक्कम मात्र स्पष्ट आहे, १५,४००. त्याला ४० ने भागलं की ३८५ येतात, म्हणजे पुसट आकडा आठ. फोटोवरून काम करताना गुणाकार हा असा दुहेरी उपयोगाचा असतो. तो चूक शोधतो आणि न दिसणारा आकडा वाचूनही देतो. पण तो वाचलेला आकडा तेव्हाच विश्वासाचा, जेव्हा बाकीचे दोन्ही स्पष्ट दिसतात. तिन्हींपैकी दोन पुसट असतील तर अंदाज न करता दुसरा फोटो मागवायचा.

पुढे बेल्ट ६४० ने ७,६८०, ऑइल सील ९२ ने २,३००. एकूण २५,३८०. त्यावर ५ टक्के सूट १,२६९, उरले २४,१११. मग केंद्राचा सीजीएसटी ९ टक्के २,१६९.९९ आणि राज्याचा एसजीएसटी ९ टक्के २,१६९.९९. त्याखाली वाहतूक ८५०. राउंड ऑफ दोन पैसे. एकूण २९,३०१, आणि अक्षरीही ‘एकोणतीस हजार तीनशे एक फक्त’.

बेरजेपुरतं बघितलं तर या बिलात एका पैशाची चूक नाही. प्रत्येक गुणाकार जुळतो, सूट बरोबर, दोन्ही करांच्या रकमा समान, आकड्यातली आणि अक्षरी रक्कम एकच. कुणी ‘टोटल बघून सांगा’ एवढंच विचारलं असतं तर ‘ओके’ असं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, आणि ते उत्तर खरंही ठरलं असतं. तरीही हे बिल दोन ठिकाणी चुकलेलं आहे.

पहिली चूक वाहतुकीची. ८५० रुपये कर लावून झाल्यावर खाली जोडलेत. विकणारा जे पॅकिंग, वाहतूक वगैरे स्वतःच्या बिलात लावतो ते मालाच्या मूल्यातच धरायचं असतं, त्यामुळे कर त्यावरही लागतो. उलट बिलावर दाखवलेली सूट आधी वजा होते, ती इथे बरोबर झाली आहे. म्हणजे करपात्र रक्कम २४,१११ अधिक ८५०, एकूण २४,९६१ हवी होती. त्यावर १८ टक्के कर ४,४९२.९८, आणि बिल २९,४५४ चं. फरक १५३ रुपयांचा. एक अपवाद आहे: वाहतूकदाराचं बिल घेणाऱ्याच्याच नावावर असेल आणि विकणाऱ्याने त्याच्यातर्फे नुसते पैसे भरून तेवढेच वसूल केले असतील, तर ती रक्कम मूल्याबाहेर राहू शकते. पण मग तसा कागद सोबत हवा. नुसती ‘वाहतूक’ अशी एक ओळ तेवढं सिद्ध करत नाही.

दुसरी चूक मोठी, आणि ती कुठल्याही कॅल्क्युलेटरवर दिसत नाही.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा कंपनीचा पॅन, उरलेली तीन नोंदणीसंबंधीची, त्यातलं शेवटचं तपासणीचं. २४ म्हणजे गुजरात, २७ म्हणजे महाराष्ट्र. माल एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात पोचला तर तो आंतरराज्य व्यवहार, त्यावर पूर्ण १८ टक्के आयजीएसटी एकाच ओळीत लागायला हवा. राज्यातल्या राज्यात असेल तरच तो सीजीएसटी आणि एसजीएसटी असा अर्धा अर्धा तुटतो. या बिलावर तो तुटलेला आहे.

इथे थोडं थांबावं लागतं. दोन वेगळे राज्य क्रमांक दिसले की लगेच ‘चूक’ म्हणायचं नसतं. कर कुठला हे ठरतं विकणाऱ्याचं ठिकाण आणि पुरवठ्याचं ठिकाण यांच्यावरून. मालाच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे साधारणपणे मालाचा प्रवास जिथे संपतो ती जागा. घेणाऱ्याच्या सांगण्यावरून माल तिसऱ्याकडेच उतरवला तर मात्र ज्याने सांगितलं त्याच्या मुख्य व्यवसायाचं राज्य धरतात, माल कुठेही उतरो. म्हणून बिलावर ‘पुरवठ्याचं ठिकाण’ हा रकाना शोधायचा. आंतरराज्य बिलावर तो राज्याच्या नावासह छापणं बंधनकारक आहे. आपल्या बिलावर तो रिकामा आहे. पण दुसरा एक पुरावा समोरच आहे: वाहतुकीचे ८५० रुपये. विकणाऱ्याने वाहतूक लावली म्हणजे माल त्याने पोचवला. आणि घेणाऱ्याचा छापलेला पत्ता महाराष्ट्रातला आहे. पहिल्या चुकीची ओळच दुसऱ्या चुकीची साक्ष देते.

विभागणी चुकली तर बिघडलं काय, शेवटी टक्के तर अठराच, असं वर्कशॉपचे मालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. विकणाऱ्याने हे बिल असंच आपल्या विवरणात भरलं तर घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या त्याच्या क्रेडिटच्या यादीत, ते दिसेल, पण ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात. कारण त्या विवरणाप्रमाणे विकणारा आणि पुरवठ्याचं ठिकाण दोन्ही गुजरात, आणि घेणारा महाराष्ट्रातला. गुजरातचा राज्य कर महाराष्ट्रातल्या नोंदणीवर वापरता येत नाही, आणि अशा बिलाबरोबर केंद्राचा अर्धा हिस्साही जातो. म्हणजे ४,३३९.९८ रुपये कर न राहता खर्चच होऊन बसतात.

आता दोन्ही बिलं शेजारी ठेवा. आहे त्या बिलावर २९,३०१ द्यायचे आणि क्रेडिट शून्य, म्हणजे माल पडला २९,३०१ ला. बरोबर केलेल्या बिलावर २९,४५४ द्यायचे, त्यातले ४,४९२.९८ क्रेडिट म्हणून परत वळते, म्हणजे माल पडला जवळपास २४,९६१ ला. दीडशे रुपये जास्त देऊन चार हजार तीनशे चाळीस वाचतात. नुसती एकूण रक्कम बघणाऱ्याला पहिलं बिल स्वस्त वाटतं.

याच्या उलट प्रकारही ओळखून ठेवावा. महाराष्ट्रातली कंपनी, तिचा माणूस दुसऱ्या राज्यात कामाला गेला, हॉटेलात राहिला. बिलावर कंपनीचा २७ चा क्रमांक नीट घातलेला, पण कर त्या राज्याचा सीजीएसटी-एसजीएसटी. इथे विभागणी चुकलेली नाही. राहण्याच्या सेवेचं ठिकाण म्हणजे जिथे हॉटेल उभं आहे ती जागा, त्यामुळे हॉटेलवाल्याने बरोबरच कर लावला. तरीही कंपनीला त्याचं क्रेडिट नाही. ‘बिल बरोबर आहे का’ आणि ‘याचं क्रेडिट मिळेल का’ हे दोन प्रश्न आहेत, आणि नुसत्या फोटोत पाठवणाऱ्याला यातला कुठला विचारायचाय ते लिहिलेलं नसतं. हॉटेलला ‘बिल बदलून द्या, आयजीएसटी लावा’ म्हणून भांडणारे लोक मी पाहिलेत. ते भांडण फुकट आहे.

दराचंही एक सांगून पुढे जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. त्यामुळे फोटोत १२ टक्के दिसले तर आधी बिलाची तारीख बघा. तारीख त्याआधीची असेल तर दर जुनाच असणार, त्यात नवल नाही.

काही बिलांवर चौकोनी क्यूआर कोड असतो. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यावसायिक ग्राहकाच्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस काढावं लागतं, त्याचा हा कोड. तो वाचला की दोन्ही जीएसटी क्रमांक, बिलाचा नंबर, तारीख आणि एकूण रक्कम मिळते. पुसट फोटोसाठी याच्याइतका भरवशाचा आधार नाही, फक्त फोटो काढताना कोपरा कापलेला नसावा. पण सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी यांच्या वेगवेगळ्या रकमा त्यात नसतात. म्हणजे कोड वाचून एकूण रकमेची खात्री होते, विभागणीची होत नाही.

काही पैशांच्या फरकाला मात्र भिऊ नये. काही जण प्रत्येक ओळीवर कर काढून तो गोल करतात, काही जण शेवटी एकदाच. दहा ओळींच्या बिलात त्यामुळे पाच-सात पैसे इकडेतिकडे होतात. एक रुपयाच्या आतला फरक राउंड ऑफमध्ये जातो. पण सीजीएसटी आणि एसजीएसटी यांच्यात आपसात फरक दिसला, तर तो गोल करण्याने आलेला नसतो. कुणीतरी हाताने आकडा घातलेला असतो. तिथे थांबून बघावं.

राहिली नोंद. फोटो कितीही स्वच्छ असो, चार गोष्टी त्यात नसतातच.

माल किंवा सेवा प्रत्यक्ष मिळाली का, ही पहिली. क्रेडिटसाठी बिल हातात असणं पुरत नाही, मालही मिळालेला असावा लागतो. ३० तारखेचं बिल आणि पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला आलेला माल, ही रोजची गोष्ट आहे. बिलाची तारीख बघून क्रेडिट मागच्या महिन्यात घेतलं तर ते चूक ठरतं. हप्त्याहप्त्याने माल येणार असेल तर शेवटचा हप्ता आल्यावरच क्रेडिट.

दुसरी, हे बिल आधीच नोंदलंय का. फोटोने आलेलं बिल महिनाभराने ईमेलनेही येतं, आणि नंतर कागदही येतो. टॅलीच्या खरेदी व्हाउचरमध्ये Supplier Invoice No. हा रकाना आहे तो यासाठी मोलाचा, पण त्यात नंबर जसाच्या तसा घालावा लागतो. कुणी ‘११८’ घातला आणि कुणी मालिकेसकट पूर्ण, तर प्रोग्रामच्या दृष्टीने ती दोन बिलं झाली. पुढे २बी शी जुळवतानाही हाच नंबर आडवा येतो. बिलाचा नंबर जास्तीत जास्त सोळा चिन्हांचा असतो. तेवढा टाइप करण्याचा कंटाळा करू नये. नंबर शोधण्याआधी मी पार्टीच्या खात्यात तीच रक्कम आहे का ते बघतो, ते लवकर होतं.

तिसरी, खर्च कशाचा. बेअरिंग विकण्यासाठी घेतलेत की स्वतःच्या मशीनला बसवलेत? पहिल्यात खरेदी, दुसऱ्यात दुरुस्ती-देखभाल. नवीन मशीनसोबत घेतले असतील तर कदाचित मशीनच्या किमतीतच जातील. बिलावर तिन्हींसाठी अक्षरं सारखीच. आणि काही खर्चांवर कर दिलेला असला तरी क्रेडिट मिळतच नाही, उदाहरणार्थ कर्मचाऱ्यांच्या खाण्यापिण्याचं बिल किंवा बहुतेकदा कंपनीसाठी घेतलेली साधी मोटारगाडी. तिथे कर वेगळा न दाखवता खर्चात मिळवायचा.

चौथी, पैसे दिलेत का आणि कुठून. दिले असतील तर नोंदी दोन होतात, खरेदीची वेगळी आणि देण्याची वेगळी. मालकाने स्वतःच्या खिशातून दिले असतील तर तिसऱ्याच खात्याला हात लागतो.

म्हणून मी ‘याचं काय करू?’ असं उलट विचारत नाही. त्या प्रश्नाला बहुतेकदा ‘बघून घ्या’ असं उत्तर येतं, आणि आपण होतो तिथेच राहतो. त्याऐवजी तपासून झालेलं सांगायचं आणि फक्त वस्तुस्थिती विचारायची. वरच्या बिलाला माझं उत्तर असं जाईल:

“दादा, बेरीज जुळते, २९,३०१. पण पार्टी गुजरातची आहे आणि माल आपल्याकडे पोचवलाय, तर आयजीएसटी लागायला हवा होता. असंच राहिलं तर ४,३४० चं क्रेडिट जाईल. वाहतुकीवरही कर राहिलाय. माल आला का आणि पैसे दिलेत का, एवढं कळवा. तोवर नोंद करत नाही.”

यावर येणारं उत्तरच त्यांना काय हवं होतं ते सांगतं. “माल आत्ताच उतरतोय, पैसे द्यायचेत” असं आलं तर त्यांना तपासणीच हवी होती, आणि ती योग्य वेळी झाली. पैसे अजून आपल्या हातात असताना बिल बदलून घेणं सोपं असतं. “माल कधीच लागला, पैसेही गेले, नोंद राहिली होती” असं आलं तर काम नोंदीचं आहे, फक्त आता दुरुस्तीही करून घ्यावी लागेल. आणि कधी कधी उत्तर येतं, “हे आपलं नाहीच, शेजारच्या युनिटचं आहे, त्यांनी सहज विचारलं.” तेव्हा न केलेल्या नोंदीबद्दल स्वतःलाच धन्यवाद द्यावेत.

दुरुस्ती कुणी करायची, यात गोंधळ होतो. घेणाऱ्याने आपल्या पुस्तकात सीजीएसटी-एसजीएसटी खोडून आयजीएसटी लिहून चालत नाही. तुमची नोंद सुंदर होईल, पण २बी मध्ये जुनंच दिसेल आणि दोन्ही कधी जुळणार नाहीत. दुरुस्ती विकणाऱ्याकडूनच यायला हवी: जुनं बिल उलटवणारी क्रेडिट नोट आणि आयजीएसटीचं नवीन बिल, किंवा त्याच्या विवरणात सुधारणा. त्याने चुकीचा कर भरून टाकला असेल तर बरोबर कर भरून चुकीच्याचा परतावा मागायची सोय कायद्यात आहे, आणि या प्रकारात उशिराचं व्याज लागत नाही. विकणारा ‘आता काही होत नाही’ म्हणाला तर त्याला हे सांगावं. बऱ्याचदा त्याला माहीत नसतं, आणि माहीत झालं की त्याचा विरोध मावळतो.

मालकांकडून काहीच उत्तर आलं नाही तर? असंही होतं. तेव्हा मी फोटो पार्टीचं नाव, बिलाचा नंबर आणि रक्कम घालून ‘खुलासा बाकी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. महिन्याचा २बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो, तेव्हा हा फोल्डर उघडून त्याच्याशी ताडून बघायचा. बिल तिथे दिसलं तर विकणाऱ्याने ते भरलंय हे कळतं, आणि कुठल्या भागात दिसतंय त्यावरून विभागणी तशीच राहिली की सुधारली हेही कळतं. मग मालकांना परत विचारायला नेमकं कारण मिळतं, आणि ३बी हे कर भरण्याचं महिन्याचं विवरण भरायला साधारण २० तारखेपर्यंतचे दिवसही हाताशी असतात. त्या महिन्यात नाही जमलं तर क्रेडिट बुडालं असं नाही. ज्या आर्थिक वर्षाचं बिल, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर ते घेता येतं. फोल्डरवर ती तारीख लिहून ठेवतो.